बीएसएल-२ च्या प्रॅक्टिकलनंतर घरी काय जातं

प्रश्न: "मी नागपुरात बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारपासून पहिल्यांदाच साल्मोनेला आणि स्टॅफिलोकोकसचं प्रॅक्टिकल आहे. लॅबच्या दारावर बीएसएल-२ लिहिलंय. बीएसएल-२ म्हणजे नक्की किती धोका? एन-९५ मास्क घेऊन जाऊ का? घरी आजी आहे आणि ताईचं आठ महिन्यांचं बाळ आहे, म्हणून जास्त भीती वाटते."

मी बावीस वर्षं नागपुरातच मायक्रोबायोलॉजीची प्रॅक्टिकल घेते आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी "तू" म्हणते, तसंच तुलाही म्हणते. मास्कचं उत्तर शेवटी देते. घरच्या दोघांबद्दल लिहिलंस ते बरं झालं, कारण खरी काळजी तिथेच घ्यायची आहे. शिकण्याच्या लॅबमध्ये जंतू हवेतून अंगावर येतील ही भीती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात ते बोटांवरून, पेनवरून, जर्नलच्या पानांवरून निघतात आणि ज्यांनी लॅबचं तोंडही पाहिलेलं नाही अशा माणसांपर्यंत पोचतात.

आधी दारावरच्या पाटीचा अर्थ सांगते. बीएसएल म्हणजे जैवसुरक्षा पातळी. हा आकडा जंतू किती भयंकर आहे ते सांगत नाही. त्या खोलीत, त्या जंतूवर, त्या प्रकारचं काम करायचं तर कोणती साधनं आणि कोणत्या सवयी हव्यात, ते तो सांगतो. जंतूंची वर्गवारी वेगळी असते, तिला जोखीम गट म्हणतात. बहुतेक वेळा दोन्ही आकडे जुळतात, म्हणून लोक त्यांची गल्लत करतात. क्षयाचं उदाहरण घे. थुंकीचा स्मिअर काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याचं काम हवा चांगली खेळती असेल तर साध्या बेंचवर करता येतं. त्याच जंतूचं कल्चर वाढवून ढवळायला घेतलं की तिसऱ्या पातळीची लॅब लागते. तिथे हवा बाहेरून आत अशी एकाच दिशेने वाहते आणि बाहेर सोडण्याआधी हेपा फिल्टरमधून गाळली जाते. जंतू तोच, पण कल्चरमध्ये त्याची संख्या प्रचंड असते आणि हलवाहलवीत तुषार उडतात, म्हणून पातळी बदलली.

पहिल्या पातळीत निरोगी माणसाला सहसा आजार न करणारे जीव असतात: बेसिलस सबटिलिस, यीस्ट, ई. कोलायचा के-१२ हा प्रयोगशाळेतला प्रकार. दुसऱ्या पातळीत साल्मोनेला, स्टॅफिलोकोकस ऑरियस, क्लेब्सिएला असे आजार करणारे जंतू येतात. ते बहुतेक तोंडावाटे, जखमेतून किंवा डोळ्यात-नाकात शिंतोडा उडून शरीरात जातात आणि त्यांच्यावर उपचार आहेत. तिसरीत हवेतून पसरून गंभीर आजार करणारे जंतू असतात. चौथीत इबोला, निपाह यांच्यासारखे, ज्यांच्यावर खात्रीचा इलाज नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत चौथ्या पातळीची प्रयोगशाळा आहे. आपल्या नागपुरात ११ डिसेंबर २०२२ रोजी ज्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली, तिच्या आराखड्यातही चौथी पातळी आहे. या पातळ्या एकीवर एक रचलेल्या असतात. पहिलीतला हात धुण्याचा नियम चौथीतही सुटत नाही. म्हणून पहिल्या वर्षी जे शिकलीस त्यातलं काहीच मागे पडत नाही, त्यावर भर पडते.

आता आकड्यांत किती धोका ते बघू. रात्रभर वाढवलेल्या ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या पोषक द्रवात, एका मिलिलिटरला साधारण शंभर कोटी जंतू असतात. मोहरीच्या दाण्याहून लहान असा एक मायक्रोलिटरचा थेंब घेतला तरी त्यात दहा लाख आले. निरोगी तरुण माणसाला साल्मोनेलाने आजारी पडायला बहुधा लाखभर किंवा त्याहून जास्त जंतू पोटात जावे लागतात. लहान बाळ आणि वयस्कर माणसांना त्याहून कितीतरी कमी पुरतात. म्हणजे तू स्वतः ठणठणीत राहशील, तुला काही कळणारही नाही, आणि तुझ्या पेनच्या टोपणावर वाळलेला एक थेंब घरात कोणाला तरी त्रास देईल, असं होऊ शकतं.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. २०१०-११ मध्ये अमेरिकेत साल्मोनेला टायफीम्युरियमची एक साथ आली. ३८ राज्यांत १०९ लोक आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. तपासात धागा शिकण्याच्या आणि तपासणीच्या मायक्रोबायोलॉजी लॅबपर्यंत पोचला. रुग्णांकडून मिळालेला जंतू हा लॅबमध्ये वापरायला विकत मिळणाऱ्या एका प्रकाराशी जुळत होता. आजाऱ्यांत लॅबमध्ये शिकणाऱ्या आणि काम करणाऱ्या लोकांच्या घरची लहान मुलं होती. ती मुलं लॅबमध्ये कधीच गेली नव्हती. त्यानंतर तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये खास शिकण्याच्या लॅबसाठी नियम काढले. पेन, वह्या, एप्रन लॅबमध्येच राहावेत, ही त्यातली ठळक सूचना. तरीही २०१४ मध्ये ४१ आणि २०१७ मध्ये २४ लोकांना तशाच लॅबमधून लागण झाली.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. रॉबर्ट पाईक यांनी १९७६ पर्यंतच्या प्रयोगशाळेत झालेल्या ३,९२१ संसर्गांचा आढावा घेतला. त्यातल्या २० टक्क्यांहून कमी घटनांमागे ठळक असा अपघात सापडला. सुई टोचली, नळी फुटली, तोंडात गेलं, असं काही सांगता येईल अशा घटना एवढ्याच. बाकीच्यांना कधी लागलं ते कळलंच नाही. म्हणून माझी पद्धत अशी: अपघात झाला तर काय करायचं ते शिकवायचंच, पण अपघात नसताना हात कुठे कुठे जातात यावर त्याहून जास्त वेळ द्यायचा.

त्यासाठी दर जुलैमध्ये नव्या बॅचबरोबर मी एक प्रयोग करते. पहिल्या प्रॅक्टिकलला कोणताच जंतू देत नाही. निर्जंतुक ब्रॉथमध्ये फ्लुरोसीन हा रंग थोडा घालून तेच "कल्चर" म्हणून देते आणि नेहमीसारखं लूपने, म्हणजे टोकाला गोल असलेल्या तारेने, प्लेटवर स्ट्रिक करायला, नळीतून नळीत घ्यायला सांगते. तास संपला की खिडक्यांचे पडदे लावून यूव्ही टॉर्च पेटवते. जिथे रंग पोचला तिथे हिरवट पिवळं चमकतं. बेंच चमकणार हे सगळे धरूनच असतात. पण नळाची चावी चमकते. जर्नलच्या पानांचे खालचे उजवे कोपरे चमकतात, कारण पान उलटायला बोट तिथेच लागतं. पेनचं टोपण, आणि ते चावायची सवय असेल तर ओठाच्या कडेलाही एक ठिपका. मोबाईलच्या कडा. स्टूलची बसायची फळी खालच्या बाजूने, कारण ते पुढे ओढताना बोटं खालून घालावी लागतात. ओढणीचं टोक. केस कानामागे सारण्याची सवय असलेल्या मुलींच्या कानामागे. एका वर्षी एका मुलाच्या चष्म्याच्या दोन्ही काड्या चमकल्या, आणि त्याला आपण चष्मा वर ढकलतो हे माहीतच नव्हतं. त्या दिवशी तो गप्प बसून राहिला. पुढच्या तासापासून चष्म्याला दोरी बांधून आला.

हे सगळं एका तासात, एकही नळी न सांडता. त्यामुळे "मी काळजीने काम करीन" एवढ्यावर माझा विश्वास बसत नाही. हात काय करतात ते डोकं बघत नसतं. उपाय एवढाच, की लॅबमध्ये आलेल्या वस्तूंपैकी शक्य तितक्या लॅबमध्येच ठेवायच्या आणि बाहेर जाणारे हात दारात धुवून न्यायचे.

म्हणून सोमवारी जाताना एक साधं पेन घे. ते लॅबचं, वर्ष संपेपर्यंत घरी यायचं नाही. निरीक्षणं बेंचवर सुट्या कागदावर लिही आणि तास संपल्यावर हात धुवून त्याचा फोटो काढ. जर्नल त्या फोटोवरून घरी उतरवायचं. काही कॉलेजांत जर्नल बेंचवरच भरायची सक्ती असते आणि त्याच तासाला सही होते. तसं असेल तर सरांशी बोल. प्लास्टिकच्या पारदर्शक कव्हरात घालून ते कव्हर ७० टक्के अल्कोहोलने पुसण्याचा मधला मार्ग निघतो. मोबाईल पिशवीत, पिशवी बेंचवर नाही तर दाराजवळच्या कप्प्यात. ओढणी नको, आणायचीच तर एप्रनच्या आत खोचून पिन लाव. केस मागे घट्ट बांध. पायात पूर्ण झाकलेले बूट हवेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हामुळे सगळे सँडलवर येतात, पण फुटलेली नळी पायावरच पडते.

एप्रनबद्दल थोडं जास्त सांगते. आपल्याकडे कॉलेजच्या गेटपासून एप्रन घालून फिरण्यात अभिमान वाटतो. तोच एप्रन घालून मुलं कॅन्टीनला तर्री पोहे खायला जातात, तसंच बसमध्ये बसतात. एप्रन लॅबच्या खुंटीवर राहिला पाहिजे. धुवायला आणायचा तर वेगळ्या पिशवीत आणायचा आणि बाळाच्या कपड्यांत मिसळायचा नाही. आधी अर्धा तास हायपोच्या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या, पातळ पाण्यात किंवा गरम साबणाच्या पाण्यात भिजवून मग धुवायचा. कॉलेजात एप्रन ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक, करून देत असतील तर उत्तमच.

आता बेंचवरचं काम. सगळी तंत्रं सांगत बसत नाही, एकच नीट सांगते. ते म्हणजे लूप तापवणं. नव्या मुलांच्या हातून तुषार सगळ्यात जास्त इथेच उडतात. लूपवर ब्रॉथचा थेंब असताना तो थेट ज्योतीत घातला तर तडतड आवाज येतो. तो आवाज म्हणजे न जळलेले जंतू घेऊन बारीक थेंब बाहेर उडत आहेत. त्यातले पाच मायक्रॉनपेक्षा लहान थेंब सुकून हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत खोल जाऊ शकतात. मोठे थेंब बेंचवर, हातावर पडतात. म्हणून लूप आधी ज्योतीच्या आतल्या, कमी गरम निळ्या भागाजवळ धरून हळूहळू सुकवायचा, मग वरच्या भागात लाल होईपर्यंत न्यायचा. तापलेला लूप लगेच कल्चरमध्ये बुडवला तरी तसाच चर्रर्र आवाज होतो. दहा-पंधरा सेकंद थांबायचं, किंवा प्लेटच्या कोपऱ्यात कोऱ्या आगारला टेकवून बघायचं. लूपचा गोल दोन-तीन मिलिमीटरचा आणि पूर्ण मिटलेला हवा, दांडी सहा सेंटिमीटरपेक्षा लांब नको. लांब दांडी थरथरते आणि उघड्या गोलातून थेंब सुटतो. तुला मिळालेल्या लूपचा गोल उघडा असेल तर चिमट्याने मिटवून घे किंवा बदलून माग.

आपल्याकडे याच्यात एक खास अडचण आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास तापलेल्या खोलीत पंखे नाहीतर कूलर लावल्याशिवाय बसवत नाही. पण पंख्याखाली बर्नरची ज्योत हेलकावते, प्लेटवर धूळ पडते आणि उडालेले थेंब पलीकडच्या बेंचवर जातात. माझ्या लॅबमध्ये मी असं करते: समजावून सांगण्याचा अर्धा तास पंखे चालू, नळ्या उघडायच्या वेळी बंद, काम झालं की पुन्हा चालू. गैरसोय होते, पण वीस मिनिटांची असते. तुमच्याकडे जैवसुरक्षा कॅबिनेट असेल तर तुषार उडवणारं काम, म्हणजे जोराने हलवणं किंवा सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या नळ्या उघडणं, त्यात करता येतं. कॅबिनेटमध्ये बर्नर पेटवला तर आतला हवेचा प्रवाह बिघडतो, हे लक्षात ठेव.

हातमोज्यांबद्दल मतं वेगवेगळी आहेत. माझं म्हणणं: हाताला कापलेलं, भेगा, एक्झिमा असेल तर घालायचेच. एरवी लूपने साधं स्ट्रिकिंग करताना धड त्वचा आणि नीट धुतलेले हात पुरतात. मोजे घातल्यावर माणसाला वाटतं आपण सुरक्षित आहोत, आणि त्याच मोज्याने तो चष्मा, दाराची कडी, मोबाईल सगळं हाताळतो. पण तुमच्या लॅबचा नियम मोजे घालायचा असेल तर तो पाळायचा आणि फोन हातात घ्यायच्या आधी मोजे काढायचे. बर्नरजवळ असताना मोजा किंवा हात अल्कोहोलने ओला नको. हातांना आग लागण्याच्या घटना तिथूनच होतात.

आता नळी फुटण्याचा प्रसंग. एका हिवाळ्यात दहा मिलिलिटर साल्मोनेला ब्रॉथची काचेची नळी एका मुलीच्या हातातून फरशीवर पडली. ती लगेच वाकून टिश्यूने पुसायला लागली. आमचे लॅब अटेंडंट काका धावत आले, "काहून हात लावता बाई, मांगं व्हा!" म्हणून त्यांनी तिला मागे ओढलं. काका बरोबर होते. दहा मिलिलिटर म्हणजे हजार कोटी जंतू, वर काचा, आणि पडताना उडालेले तुषार अजून खाली बसलेले नाहीत.

त्या दिवशी आम्ही काय केलं ते क्रमाने सांगते. मी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, बर्नर बंद, पंखे बंद, सगळे बाहेर. त्या मुलीचे बूट आणि सलवारची कड ओली झाली होती. तिचे बूट तिथेच उतरवले, पाय आणि घोटे साबणाने धुतले, कपडे बदलायला दिले. काच लागलेली नाही ना ते बघितलं. दार बंद करून अर्धा तास थांबलो. आत काय चाललंय याची हुरहुर लागते आणि सगळ्यांना लवकर आवरायचं असतं, पण हा अर्धा तास तुषार खाली बसायला हवा असतो.

मग मी आणि काका हातमोजे, चष्मे, एप्रन, झाकलेले बूट घालून आत गेलो. सांडलेल्या जागेवर जुने वर्तमानपत्राचे कागद अलगद पसरले, दाबले नाहीत. त्यावर एक टक्का हायपो ओतलं ते बाहेरच्या कडेपासून आत. मधोमध ओतलं तर लोंढा बाहेर पसरतो. तीस मिनिटं तसंच राहू दिलं. काचा चिमट्याने उचलून न टोचणाऱ्या डब्यात टाकल्या, कागद पिवळ्या पिशवीत. मग जागा पुन्हा हायपोने पुसली, शेजारच्या बेंचांचे पाय आणि स्टूलच्या खालच्या बाजू पुसल्या, मोजे काढले, हात धुतले. लॅबच्या वहीत तारीख, जंतू, किती सांडलं, कोण जवळ होतं ते लिहिलं आणि त्या मुलीला एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीचं पुढे सांगते.

हायपोबद्दल एक गोष्ट, जी आपल्या गावात जास्त लागू पडते. बाजारात चार-पाच टक्क्यांच्या आसपासचं हायपो मिळतं. पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग हायपो आणि चार भाग पाणी घेतलं की एक टक्का होतं. पण हायपो उन्हात आणि उष्णतेत स्वतःच विघटित होतं. मे महिन्यात खिडकीजवळ ठेवलेला कॅन लेबलवरच्या ताकदीचा राहत नाही. म्हणून कॅन अंधारात, थंड जागी ठेवायचा आणि पातळ केलेलं द्रावण त्याच दिवशी वापरायचं. बेंचवरच्या बाटलीवर कालची तारीख असेल तर ते ओतून नवं करायचं. तारीखच नसेल तर त्यावर विसंबू नकोस. रक्त, ब्रॉथ, शेण असे सेंद्रिय पदार्थ क्लोरीन खाऊन टाकतात, म्हणून सांडलेल्यावर शिंपडून भागत नाही, भरपूर ओतावं लागतं. हायपोत भिजलेल्या वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये टाकायच्या नाहीत आणि संडास धुवायच्या ॲसिडमध्ये हायपो मिसळायचं नाही, दोन्हीतून क्लोरीन वायू निघतो.

वापरलेल्या प्लेट आणि नळ्या पिवळ्या पिशवीत जातात, त्यांच्यावर लॅबमध्येच आधी प्रक्रिया झाली पाहिजे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार साध्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पीएसआय दाबावर किमान साठ मिनिटं. जंतू वाढवायचा मीडिया बनवताना पंधरा मिनिटं पुरतात म्हणून मुलं कचऱ्यालाही तेवढीच देतात. पण प्लेटा गच्च भरलेल्या पिशवीच्या मध्यभागी वाफ पोचायला वेळ लागतो. पिशवीवर लावलेल्या ऑटोक्लेव्हच्या चिकटपट्टीवर काळे पट्टे उमटले म्हणजे सगळं मेलं असंही नाही. ती पट्टी फक्त बाहेरून उष्णता लागली एवढंच सांगते. खात्री हवी तर जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची पट्टी पिशवीच्या मधोमध ठेवून नंतर वाढवून बघायची. वाढ झाली तर चक्र अपुरं पडलं.

एक सूचना पाण्याच्या प्रॅक्टिकलबद्दल. फुटाळा किंवा अंबाझरी तलावाचं पाणी आणून प्लेटवर टाकायचं, किंवा स्वतःच्या मोबाईलचा स्वॅब वाढवायचा, हे मुलांना आवडतं. पण त्या प्लेटवर कोणता जंतू उगवला ते तुला माहीत नाही, म्हणून त्याला दुसऱ्या पातळीचा धरायचं. प्लेट चिकटपट्टीने बंद ठेवून बाहेरूनच बघायची. कॉलनी उचलून पुढे वाढवायची असेल तर पहिल्या पातळीच्या लॅबमध्ये नाही.

हात धुण्याचं. बाहेर पडताना क्रम असा: आधी मोजे, मग एप्रन काढून खुंटीवर, मग हात, मग दार. उलट केलं तर धुतलेले हात पुन्हा एप्रनला लागतात. आपल्या लॅबमधले नळ पिळायचे असतात. घाणेरड्या हाताने उघडलेली चावी स्वच्छ हाताने बंद केली की धुणं वाया गेलं. म्हणून चावी कागदाने किंवा कोपराने बंद कर. साबण लावून चाळीस ते साठ सेकंद, बोटांच्या मध्ये, अंगठ्यांना, नखांच्या खाली. माझ्या फ्लुरोसीनच्या प्रयोगात धुतल्यावरही सगळ्यात जास्त चमक अंगठ्याच्या मुळाशी आणि नखांखाली उरते. नखं लहान कापून ये आणि सोमवारी मेंदी, अंगठ्या, बांगड्या टाळ. सॅनिटायझर साबणाऐवजी चालत नाही, साबणानंतर वाटलं तर लाव. घरी गेल्यावर बाळाला उचलायच्या आधी पुन्हा एकदा धू.

आता ती चिठ्ठी. त्यात मी फक्त एवढं लिहिलं होतं: "ही विद्यार्थिनी अमुक तारखेला साल्मोनेलाच्या सांडण्याजवळ होती." साल्मोनेलाची लक्षणं, म्हणजे जुलाब, ताप, पोटात कळ, लागण झाल्यावर सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात. त्या काळात तुला किंवा घरात कोणाला जुलाब झाले, तर डॉक्टरांना "मी लॅबमध्ये साल्मोनेला हाताळते" हे आपणहून सांग. विचारतील याची वाट बघू नकोस. गोळ्या सुरू करण्याआधी शौचाचं कल्चर होऊ शकलं तर बरं. जुलाब थांबेपर्यंत स्वयंपाकघरात जाऊ नकोस आणि बाळाचं दूध बनवू नकोस. त्या मुलीला काही झालं नाही.

सरांना विचारायच्या काही गोष्टी आहेत, कारण पुढचं बरंच तुमच्या लॅबवर अवलंबून आहे. साल्मोनेला कोणता, टायफीम्युरियम की टायफी? टायफीम्युरियममुळे बहुधा पोटाचा आजार होतो. टायफीमुळे टायफॉइड होतो, आणि तो हाताळायचा असेल तर लस घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं. प्रॅक्टिकलमध्ये रक्ताचे नमुने आहेत का, असतील तर हिपॅटायटिस बीची लस झालेली आहे का? दाराजवळ सिंक आहे का, साबण संपल्यावर कोण भरतं? हायपोच्या बाटलीवर तारीख कोण घालतं? हे विचारण्यात काही कमीपणा नाही. मला असे प्रश्न विचारले तर मी त्या मुलीला पहिल्या बेंचवर बसवते. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेली किंवा गरोदर असलेली तुझी मैत्रीण बॅचमध्ये असेल, तर तिने सरांना खासगीत सांगावं. काही जंतू तिच्यासाठी वगळता येतात.

आता मास्क. साल्मोनेला आणि स्टॅफिलोकोकसच्या नेहमीच्या प्रॅक्टिकलला एन-९५ ची गरज नाही. साल्मोनेला तोंडात जातो तो मुख्यतः बोटांवरून, आणि दर पाच मिनिटांनी घट्ट मास्क सावरायला बोटं चेहऱ्याकडे नेणं हाच त्याचा सोपा रस्ता आहे. शिंतोडे उडण्यासारखं काम असेल, एखादा गाळ ढवळायचा असेल, तर साधा सर्जिकल मास्क आणि डोळ्यांना चष्मा, तोही एकदा लावला की तास संपेपर्यंत हात न लावता. मास्कसाठी बाजूला ठेवलेल्या पैशात लॅबमध्येच ठेवायला एक पेन, एक नेलकटर आणि द्रव साबणाची एक बाटली घे. कॉलेजच्या सिंकवर साबण असेलच असं नाही.